बारा कागदांवरचा रोहित: ऐरोलीतल्या एका पोस्टरची जोडणी

मोठं पोस्टर लहान कागदांवर तुकड्यातुकड्यांनी छापून जोडायचं म्हटलं की बहुतेकांचं लक्ष चिकटवण्याकडे जातं. खरं काम त्याच्या बरंच आधी, चित्र आखतानाच झालेलं असतं. सांधे कुठे पडणार हे चित्र काढायच्या आधी ठरवलं, तर जोडणी सोपी जाते. ते नंतर सॉफ्टवेअरवर सोडलं, तर कितीही जपून चिकटवा, पक्ष्याच्या डोळ्यातून रेघ जातेच. ऐरोलीतल्या एका वाचनालयाच्या बालविभागासाठी आम्ही केलेलं पोस्टर या दृष्टीने सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण त्यात माप चुकवून चालणार नव्हतं.

विषय होता ठाण्याच्या खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. खाडीचा हा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 साली रामसर स्थळांच्या यादीत आला. मुलांनी हे पक्षी पाहिलेले असतात, पण लांबून, चिखलावरच्या गुलाबी ठिपक्यांसारखे. ग्रंथपाल ताईंना हवा होता खऱ्या उंचीचा पक्षी, ज्याच्याशेजारी उभं राहून मूल स्वतःला मोजेल. मोठा रोहित मान ताठ केली की सुमारे 140 सेंटिमीटर भरतो, छोटा रोहित 85 च्या आसपास. दोघे शेजारी उभे, डाव्या कडेला सेंटिमीटरची उभी मोजपट्टी, असं चित्र ठरलं.

फ्लेक्स स्वस्तात आणि एका तुकड्यात झाला असता. पण खाडीवरच्या प्रदर्शनात प्लॅस्टिकचा फलक ताईंना नको होता. वास्तुविशारदांची कामं करणारी प्लॉटरची दुकानं कागदावर तीन फूट रुंदीचं सलग छापून देतात, आणि एकच प्रत हवी असेल तर मी अजूनही तोच मार्ग सुचवेन. इथे मात्र तीच फाइल खाडीकाठच्या आणखी काही शाळांना द्यायची होती. प्रत्येकाने आपल्या जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ए-3 रंगीत छपाई करून घ्यावी आणि मुलांसोबत जोडावी, असा बेत होता. त्यामुळे कुठल्याही यंत्रावर चालेल आणि मापात बसेल अशी फाइल करणं, हेच आमचं मुख्य काम ठरलं.

चित्र काढणाऱ्या कॉलेजच्या मुलीने सुरुवातीला तीन फूट बाय पाच फूट धरलं होतं, म्हणजे 914 बाय 1524 मिलिमीटर. फ्लेक्सच्या सवयीने सगळे असंच धरतात. कागद जोडायचे असतील तर मात्र माप कागदाकडून चित्राकडे यायला हवं. ए-3 कागद 297 बाय 420 मिलिमीटरचा. बहुतेक लेझर यंत्रं कडेचे चार-पाच मिलिमीटर छापूच शकत नाहीत. कुठलं यंत्र मिळेल ते माहीत नसल्यामुळे आम्ही चारही बाजूंना 10 मिलिमीटर कोरे ठेवले. उरलं 277 बाय 400. शेजारच्या दोन कागदांवर दोन्हीकडे छापला जाणारा सामाईक भाग 10 मिलिमीटर धरला. मग पहिल्या कागदानंतरचा प्रत्येक कागद रुंदीत 267 आणि उंचीत 390 मिलिमीटरची भर घालतो.

आता हिशोब करून पाहा. रुंदीत तीन कागद लावले तर 277 अधिक 267 अधिक 267, म्हणजे 811 मिलिमीटर होतात. 914 हवे असतील तर चौथा कागद लागतो आणि त्याचा बराचसा भाग कोरा जातो. उंचीत चार कागद म्हणजे 400 अधिक तीन वेळा 390, म्हणजे 1570. तीन बाय पाच फुटांना सोळा कागद लागले असते. रुंदी 811 केली की बारा पुरतात आणि उंची उलट थोडी वाढते. चार कागद वाचले याला फारसं महत्त्व नाही, एक अख्खा उभा सांधा वाचला हे महत्त्वाचं. त्यासाठी छोटा रोहित मोठ्याच्या शेपटीच्या किंचित पुढे आणावा लागला. चित्र त्यामुळे उलट अधिक जिवंत झालं, असं माझं मत आहे.

माप पक्कं झालं की सांधे कुठे येणार तेही पक्कं होतं. डावीकडून 267 ते 277 आणि 534 ते 544 या दोन उभ्या पट्ट्या, वरून 390 ते 400, 780 ते 790 आणि 1170 ते 1180 या तीन आडव्या. त्या मुलीने या पाच पट्ट्या आपल्या चित्रावर फिकट रंगात आखून घेतल्या आणि पक्षी त्यांच्यामध्ये बसवले. मोठ्याचं डोकं वरून 110 मिलिमीटरवर सुरू होतं, ते पहिल्या सांध्यापासून लांब राहिलं. छोट्याचं डोकं 660 वर सुरू होतं आणि वाकडी चोच 780 च्या सांध्याच्या जेमतेम वर संपते. सगळ्यात जास्त जपावं लागलं ते पायांना. रोहितचा पाय म्हणजे लांब, बारीक, उभी रेघ. ती उभ्या सांध्यावर आली तर काडीइतका पाय दोन कागदांत उभा चिरला जातो आणि अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी जाड किंवा बारीक दिसतो. आडव्या सांध्याने पाय कापला तर मात्र फारसं बिघडत नाही, उलट जोडताना तोच खुणेला उपयोगी पडतो.

पार्श्वभूमीवर आमची बरीच चर्चा झाली. पहिल्या आराखड्यात फिकट निळं आकाश होतं, वर गडद आणि खाली विरत जाणारं. तुकड्यातुकड्यांच्या छपाईत असा सपाट रंग सगळ्यात वाईट दिसतो. रंगीत लेझर यंत्र एकाच कागदावरही एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे रंग जरा हलवतं. त्यामुळे एका कागदाची उजवी कड आणि दुसऱ्याची डावी कड शेजारी आली की फरक डोळ्यात भरतो, आणि सांधा कितीही नेमका असला तरी चौकटी दिसतात. मग वाटलं, पार्श्वभूमी पांढरीच ठेवू. त्यात अडचण वेगळी आहे: चित्र कुठे संपतं आणि कोरा समास कुठे सुरू होतो हेच कळत नाही, मग कापायचं कुठे? शेवटी भरती ओसरल्यावरच्या चिखलाचा फिकट, राखाडीकडे झुकणारा रंग घेतला आणि त्यावर बारीक ठिपके, खेकड्यांची बिळं, पावलांचे ठसे विखुरले. फिकट रंगामुळे चित्राची कड कागदावर स्पष्ट दिसते, ठिपक्यांमुळे रंगातला फरक झाकला जातो, आणि जोडताना जुळवायला प्रत्येक सांध्यावर पुरेशा खुणा मिळतात.

मोजपट्टीच्या आडव्या रेषा दर दहा सेंटिमीटरला पोस्टरभर न्याव्यात, अशी एक सूचना होती. आम्ही एक उभा सांधा नमुन्यादाखल जोडून पाहिला. ठिपक्यांमध्ये अर्धा मिलिमीटर सरकलेलं कोणाला सांगूनही दिसत नव्हतं, पण बारीक आडवी रेघ तेवढ्यानेच तुटलेली दिसत होती. रेषा काढून टाकल्या आणि खुणा फक्त डाव्या कडेला ठेवल्या. नावं आणि माहितीही चित्रात घातली नाही, वेगळ्या कागदावर छापली. चित्र आम्ही इंचाला 150 ठिपके या हिशोबाने निर्यात केलं, म्हणजे 4789 बाय 9272 पिक्सेल. हातभर अंतरावरून पक्ष्याला ते पुरेसं होतं, पण लहान अक्षरांच्या कडा त्यात खरखरीत दिसतात.

तुकडे पाडायला `PosteRazor` हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. त्यात चित्र उघडायचं, कागदाचं माप आणि चारही समास द्यायचे, सामाईक भाग किती तो सांगायचा, आणि पूर्ण पोस्टरची रुंदी मिलिमीटर-सेंटिमीटरमध्ये भरायची. हाती येते बारा पानांची पीडीएफ, प्रत्येक पान ए-3. `Adobe Reader` च्या छपाईच्या खिडकीतही `Poster` हा पर्याय आहे आणि घरच्या यंत्रावर तो चांगला चालतो. पण तिथे तुकडे छापतानाच पडतात, म्हणजे दुकानातल्या यंत्रावर काय होणार हे दुकानदाराच्या हातात जातं. तयार पानांची फाइल दिली की सांधे आपण ठरवले तिथेच राहतात.

तरीही दुकानात एक धोका उरतोच. छपाईच्या खिडकीत `Fit` निवडलेलं असलं, तर यंत्र आपल्या छापता येणाऱ्या जागेत पान बसवायला ते लहान करतं. कडेचे पाच मिलिमीटर न छापणाऱ्या यंत्रावर ए-3 पान साधारण 96.6 टक्के होतं. सगळे बारा कागद सारखेच आक्रसलेले असतात, त्यामुळे सांधे व्यवस्थित जुळतात आणि कुणाच्या काही लक्षात येत नाही. फक्त 140 सेंटिमीटरचा पक्षी 135 चा झालेला असतो. म्हणून आम्ही फाइलच्या सुरुवातीला एक जादा पान घातलं, त्यावर फक्त 200 मिलिमीटरची एक रेघ. झेरॉक्सवाल्या दादांना सांगितलं, “आधी हे एकच पान द्या, बाकीचं मागून.” पट्टी लावली, रेघ 193 भरली. खिडकीत `Actual size` निवडून पुन्हा काढलं, तेव्हा 200 च्या आसपास केसभर कमी आली. मग बाराही पानं काढायला सांगितली, एकाच बाजूला, एकाच गठ्ठ्यातल्या 100 जीएसएम कागदावर, आणि एकाच दमात. “सहा आत्ता, सहा संध्याकाळी” चालणार नाही, हेही सांगितलं, कारण मधल्या वेळात यंत्राचा रंग बदलू शकतो.

कागद लगेच कापायला घेतले नाहीत. लेझर यंत्रातून निघालेला कागद भाजून कोरडा झालेला असतो. ऑक्टोबरमधल्या खाडीकाठच्या हवेत तो पुन्हा ओल शोषतो आणि थोडा पसरतो. 400 मिलिमीटरच्या बाजूत अर्धा-पाऊण मिलिमीटरचा फरक सहज पडतो. काही कागद आज कापले आणि काही उद्या, तर तेवढीच तफावत सांध्यावर दिसते. म्हणून सगळे कागद वाचनालयातच टेबलावर सुटे पसरून रात्रभर ठेवले. दुसऱ्या दिवशी पंखा बंद करून कामाला बसलो.

कोणती कड कोणावर चढवायची हे कापण्याआधी ठरवावं लागतं. आम्ही वरचा कागद खालच्यावर चढवला, कौलं शाकारतात तसा. मग कापलेली कड खाली तोंड करून राहते, तिच्यावर धूळ बसत नाही आणि छतावरच्या ट्यूबलाइटचा उजेड पडून ती पांढऱ्या रेघेसारखी चमकत नाही. आडव्या दिशेने डावा कागद उजव्यावर चढवला, कारण दार डावीकडे आहे. आत येणाऱ्याला कापलेली कड दिसत नाही. याचा अर्थ प्रत्येक कागदाची उजवी आणि खालची कड कापायची, डावी आणि वरची तशीच ठेवायची. न कापलेल्या बाजूचा कोरा समास शेजारच्या कागदाखाली लपतो आणि चिकटवायला जागा देतो.

कापताना दोन गोष्टी पाळल्या. कापायचं ते चित्राच्या कडेवरून माप घेऊन, कागदाच्या कडेवरून कधीच नाही. यंत्र कागद ओढताना तो किंचित तिरका जातो, त्यामुळे छापलेलं चित्र कागदाशी काटकोनात असेलच असं नाही. आमच्या बारांपैकी काहींत एका टोकाला समास 10 आणि दुसऱ्या टोकाला 11 मिलिमीटर होता. दुसरं म्हणजे चित्राच्या नेमक्या कडेवर न कापता दोन मिलिमीटर आत कापलं. कडेवर कापायला गेलं की कुठेतरी पांढरा धागा उरतोच. सामाईक भाग 10 मिलिमीटर असल्यामुळे दोन गेले तरी जुळवायला आठ उरतात. पोस्टरच्या बाहेरच्या कडा शेवटपर्यंत कापल्या नाहीत. हात लावायला तेवढी कोरी जागा हवी असते.

लाकडाला लावायचा पांढरा गोंद या कामात नको. त्यातल्या पाण्याने कागद सांध्यापाशी फुगतो आणि वाळल्यावर लाटा राहतात. आम्ही 12 मिलिमीटरची डबल टेप घेतली. ती एकदा बसली की हलत नाही, म्हणून जुळवणी आधी पूर्ण करून मगच तिच्यावरचा कागद सोलायचा. पद्धत अशी: ओळीतला मधला कागद टेबलावर ठेवला. डाव्या कागदाच्या मागच्या बाजूला, कापलेल्या उजव्या कडेला लागून, टेप लावली पण सोलली नाही. तो कागद मधल्यावर ठेवून वरच्या आणि खालच्या टोकाचे ठिपके जुळवले, फक्त मधले नाही. दोन टोकं जुळली की मधलं आपोआप जुळतं, मध्ये जुळवून टोकं सोडली तर कागद फिरतो. मग त्याच्या डाव्या अर्ध्या भागावर जाड पुस्तकं ठेवली, उजवी कड अलगद वर उचलली, टेप सोलली, आणि कड वरून खाली हळूहळू टेकवत नेली. मधल्याचा उजव्याशी सांधा तसाच केला.

ओळ मधून सुरू करण्यामागे कारण आहे. प्रत्येक सांध्यात थोडा तिरकेपणा येतोच. एका टोकापासून सुरू केलं तर तो साठत साठत दुसऱ्या टोकाला पोहोचतो, मधून सुरू केलं तर दोन्हीकडे वाटला जातो. ओळ तयार झाली की तिची खालची कापलेली कड अॅल्युमिनियमच्या सरळ पट्टीला लावून पाहिली. तिन्ही कागद पट्टीला टेकले पाहिजेत. तिसऱ्या ओळीत उजवा कागद टोकाला मिलिमीटरभर वर राहत होता. तो सांधा उघडायचा प्रयत्न केला नाही, टेप सोलताना छपाईचा रंग निघतो. उजवा कागद पुन्हा छापून आणला आणि ओळीतला जुना कागद सांध्यापासून चार-पाच मिलिमीटर डावीकडे, मधल्या कागदातून सरळ कापला. हे करता आलं ते डावा कागद वर चढवलेला होता म्हणूनच: मधल्या कागदाची नवी कड नव्या उजव्या कागदाच्या सामाईक भागावर आणि त्याच्या कोऱ्या समासावर बसवायची, आणि जेवढं जास्त कापलं तेवढं सामाईक भागातून वजा होतं. आठातले चार-पाच गेले की जुळवायला तीनच उरतात. म्हणजे अशी दुरुस्ती एका सांध्यावर एकदाच करता येते.

चार कागदांचे कोपरे जिथे एकत्र येतात तिथे चार थर होतात आणि उजेडात सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा दिसतो. ओळी एकमेकींना जोडण्याआधी आम्ही आत लपणाऱ्या थरांचे लहान चौकोन कात्रीने काढून टाकले: वरच्या ओळीत डाव्या कागदाखाली गेलेला उजव्याचा कोपरा, आणि खालच्या ओळीतही तसाच. चौकोन सामाईक भागापेक्षा किंचित लहान ठेवला, नाहीतर तिथे भोक पडतं. चारचे दोन थर राहिले आणि उंचवटा बोटालाच लागतो, डोळ्याला दिसत नाही.

चार ओळी जोडताना जुळवणीला सगळ्यात उपयोगी पडली ती डाव्या कडेची मोजपट्टी आणि मोठ्या रोहितचे पाय. प्रत्येक आडव्या सांध्यावर मोजपट्टीच्या वरच्या आणि खालच्या खुणेतलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं, ते दहा सेंटिमीटर यायला हवं. उजवीकडे मोजपट्टी नसल्याने तिथे ठिपक्यांवर भिस्त होती, म्हणून शेवटी दोन्ही कर्ण मोजले. 811 बाय 1570 च्या आयताचा कर्ण सुमारे 1767 मिलिमीटर येतो. आमचे दोन कर्ण एकमेकांपासून तीन मिलिमीटरने वेगळे होते. भिंतीवर ते कळत नाही. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेलं असतं, तर बाहेरची कड कापतानाच चौकोन सरळ करून घ्यावा लागला असता. शून्यापासून 140 च्या खुणेपर्यंत टेपने मोजलं तर 1398 भरलं. दोन मिलिमीटरची घट यंत्राने कागद भाजल्याची आणि सांध्यांची मिळून आहे, आणि पक्ष्याच्या उंचीच्या बाबतीत ती चालून जाते.

शाळांना फाइल देताना ताईंनी सोबत एक पानभर सूचना दिल्या: आधी रेघेचं पान मोजा, घडी घालू नका कारण घडीवर लेझरचा रंग तडकतो, आणि न्यायचं असेल तर चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून जाड नळीवर गुंडाळा. चित्र आतल्या बाजूला ठेवून गुंडाळलं की कापलेल्या कडा दाबल्या जाऊन उचकटतात. एका शाळेने विचारलं की त्यांच्याकडे ए-4 चंच यंत्र आहे, चालेल का. मी हिशोब करून पाहिला. आडवा ए-4 घेतला तर तेच समास ठेवून रुंदीत तीन कागदांत नेमके 811 मिलिमीटर बसतात, पण उंचीत नऊ लागतात. म्हणजे सत्तावीस कागद, आणि सांध्यांची एकूण लांबी ए-3 च्या साडेपाच मीटरच्या जागी साडेनऊ मीटरच्या पुढे जाते. शिवाय सगळे आडवे सांधे नव्या जागी पडतात, त्यातला एखादा छोट्या रोहितच्या डोक्यातून जाईल. त्यांना ए-3 दुकानातूनच छापून घ्या असं कळवलं.